वाकड्या झाडाचे तीन सेकंद

ऑफिसात तिला सगळे माशी म्हणायचे. हे नाव मालकाने ठेवलं होतं, तिच्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात. "अख्खं ताट चांगलं असू दे, ही बरोबर घाणीवर जाऊन बसते," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले, तीही हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तसं पाहिलं तर कामच ते होतं तिचं. ती गेम तपासायची. दुसऱ्यांनी बनवलेला खेळ दिवसभर खेळायचा, कुठे काय बिघडलंय ते शोधायचं, लिहून द्यायचं आणि त्यांनी तोंडं वाकडी केली की ती बघायची. सहा वर्षं हेच चाललं होतं. वय छत्तीस, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचा कामाशी काडीचा संबंध नव्हता, तरी ती ऑफिसात प्रत्येकाला पाठ होती.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. रबराचा वास जिन्यातूनच नाकात शिरायचा. आत सहा टेबलं, एक मोठा पडदा, कोपऱ्यात बेसिन. बेसिनच्या जाळीत कालपरवाची चहापत्ती अडकलेली असायची आणि वर तेलकट पाणी तरंगत असायचं. मायक्रोवेव्हच्या आतल्या बाजूला कुणाकुणाच्या जेवणाचे शिंतोडे वाळून खपल्या धरलेले. बाथरूम सगळ्यांना मिळून एकच, आणि कडी नीट न लागणारी. या खोलीत सुंदर जंगलं आणि डोंगर तयार व्हायचे, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

गेम साधाच होता. एक मुलगी हातात कंदील घेऊन डावीकडून उजवीकडे पळते, खड्डे ओलांडते, काटे चुकवते. पळते ती जागच्या जागीच. तिच्या पायाखालची जमीन मागे सरकते, म्हणून ती पुढे जाते असं वाटतं. जमिनीमागे झाडं, झाडांमागे टेकड्या, त्यामागे डोंगर, त्यामागे आकाश, अशी थरांवर थर लावलेली चित्रं. प्रत्येक थराला स्वतःचा वेग. बसच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेचे खांब सपासप मागे जातात आणि लांबचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत येतो, तसंच. डोंगर जमिनीच्या एक दशांश वेगाने सरकायचे, टेकड्या तीन दशांश, झाडं सहा दशांश. आणि अगदी समोर, मुलीच्याही पुढे, अंधुक झुडपं होती. ती डोळ्यांच्या सर्वांत जवळची, म्हणून जमिनीपेक्षा जोरात जायची, एक पूर्णांक तीन दशांश. या आकड्यांनीच सपाट काचेवर खोली यायची.

ही चित्रं काढायच्या त्या चित्रकार बाई. पन्नाशीच्या, गोड बोलणाऱ्या, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्या. हात मात्र सोन्याचा. जंगल मैलभर लांब दिसायचं, पण काढलेला असायचा फक्त एक पट्टा, पडद्यावरचे दोन हजार चारशे ठिपके रुंद. तो संपला की त्यालाच लागून पुन्हा तोच. उजवी कड डाव्या कडेला अशी मिळायला हवी की सांधा दिसता कामा नये. त्यासाठी बाई पट्टा मधोमध कापायच्या आणि दोन अर्ध्यांची अदलाबदल करायच्या. मग दोन्ही कडा मध्यभागी समोरासमोर यायच्या आणि भेग उघडी पडायची. त्या भेगेवरच पानं, खोडं, सावल्या रंगवायच्या की सांधा गेला. जंगलाच्या सांध्यावर त्यांनी एक वाकडं झाड काढलं होतं, कंबरेत मोडल्यासारखं.

माशीने तेव्हाच लिहून दिलं होतं, "वाकडं झाड लक्षात राहतं. ते परत आलं की पट्टा तोच आहे हे कळतं. साधं झाड काढावं." बाईंनी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. झाड तसंच राहिलं.

तर अशा त्या जंगलाच्या टप्प्यात, गेम बाहेरच्या लोकांना दाखवायला महिना उरलेला असताना, एका सोमवारी माशीला मळमळायला लागलं.

आधी वाटलं, सकाळचा चहा. दुपारी डबा उघडला आणि वासानेच तोंडाला पाणी सुटलं, वाईट पाणी. ती बाथरूमकडे धावली. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने केस धरून ती ओकली. बाहेर आली तेव्हा खोलीत सगळे तिच्याकडेच बघत होते आणि चित्रकार बाई हसत होत्या.

"किती दिवस झाले?" बाईंनी हळूच विचारलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

"कशाला?"

"अगं, आमच्यापासून काय लपवतेस? नऊ वर्षांनी का होईना."

माशी आपल्या टेबलाकडे वळली. तिची पाळी कायमच महिना-दीड महिना इकडे तिकडे व्हायची, त्यामुळे तिच्याकडे हो म्हणायला आधार नव्हता आणि नाही म्हणायलाही नव्हता. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी दोनदा. गुरुवारी मालकाने तिच्या टेबलापाशी येऊन "अभिनंदन बरं का" म्हटलं आणि त्याच दमात "आता तुझ्या जागी कुणाला तरी बघायला हवं" असंही म्हटलं. प्रोग्रामर मान वर न करता "वा, वा" म्हणाला. खालच्या टायरवाल्याने जिन्यात तिला वाट करून दिली. एका बाईच्या ओकारीवर सगळ्या इमारतीने परस्पर निकाल लावून टाकला होता.

शुक्रवारी ती घरी गेली तर सासूबाईंनी तिच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा.

"जड उचलू नकोस आता."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या त्या चित्रकार बाई दुकानात भेटल्या. बरं झालं, त्यांनी तरी सांगितलं. घरच्यांना शेवटी कळतंय."

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी कधी टोमणा मारला नव्हता, फक्त तिच्याशी बोलताना त्या तिच्याकडे कधी बघायच्या नाहीत. आता बघत होत्या. त्या एका नजरेपायी माशीला "अजून काही नक्की नाही" हे साधं वाक्य बोलवलं नाही. नवऱ्याने रात्री विचारलं, "किट आणू का तपासायचं?" ती नको म्हणाली. अशा किटवरची एकच रेघ तिने इतक्यांदा पाहिली होती की तिला त्या खोक्याचीही शिसारी बसली होती. दिवसभर दुसऱ्यांचं तपासणारी बाई स्वतःचं तपासायला तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाने आधीच उचल खाल्ली होती. बाथरूममध्ये वाकून ओकताना, घशात आंबट जळत असताना, ती मनातल्या मनात म्हणायची, होऊ दे, अजून होऊ दे.

शनिवार-रविवार पोट शांत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "असतं एकेकीचं." सोमवारी ऑफिसात पुन्हा ढवळून आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दुसरा आठवडा असाच गेला. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तिला जंगलाऐवजी गुहेचा टप्पा तपासायला दिला. अंधारी गुहा, मागे दगडांचे दोनच थर. ती सकाळपासून खेळत होती. अकरा वाजले, बारा वाजले, तिने डबा खाल्ला आणि तो पोटात राहिला. मायक्रोवेव्हमध्ये कुणीतरी मासे गरम केले, त्याचंही काही वाटलं नाही. दोन वाजता तिला घाम फुटला. ती बाथरूममध्ये गेली, कडीला पाठ लावून उभी राहिली आणि भीत भीत कपड्यांवर डाग शोधू लागली. डाग नव्हता. तरी ती दहा मिनिटं तशीच उभी होती. बाहेरून कुणीतरी दार खडखडवलं तेव्हा निघाली.

बुधवारी पुन्हा जंगल मिळालं. अर्ध्या तासात पोटात गोळा फिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. टेबलाची कड घट्ट धरून ती पडद्याकडे बघत राहिली आणि त्याच क्षणी तिच्यातली माशी जागी झाली.

गुहेत नाही, जंगलात आहे. घरी नाही, ऑफिसात आहे. सहा वर्षांत तिने असल्या दोन ओळी शेकडो वेळा लिहिल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे काय येतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिने डोळे मिटले. मिटले की बरं वाटायचं. उघडले की पाच मिनिटांत पुन्हा सुरू. ती स्वतःलाच म्हणाली, गप बस, काही लिहू नकोस, काही मोजू नकोस. दहा मिनिटं तिने खरंच काही केलं नाही. पडद्यावरून वाकडं झाड गेलं. पुन्हा गेलं. पुन्हा गेलं.

इतक्या लवकर?

तिने फोनमधलं सेकंदांचं घड्याळ काढलं. जंगलात एक लांब सपाट भाग होता, तिथे उजवीकडचं बटण दाबून धरलं की मुलगी एकाच वेगाने पळत राहायची, सेकंदाला सहाशे ठिपके. माशीने बटण दाबून धरलं आणि वाकडं झाड पडद्याच्या मध्यावर आलं की घड्याळ सुरू केलं. ते परत मध्यावर आलं तेव्हा तीन सेकंद झाले होते, वर अगदी किंचित. तिने दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तेच.

मग तिने महिन्यापूर्वीची आवृत्ती शोधून काढली आणि तीच जागा, तेच बटण, तेच झाड मोजलं. पावणेसात सेकंदांना जरासं कमी.

हिशेब साधा होता. दोन हजार चारशे ठिपक्यांचा पट्टा तीन सेकंदांत जातो, म्हणजे झाडं सेकंदाला सातशे ऐंशी ठिपके धावतायत. जमीन धावते सहाशे. जमिनीच्या मागची झाडं जमिनीपेक्षा जोरात पळत होती, एक पूर्णांक तीन पट. आणि हा आकडा झाडांचा नव्हताच. तो समोरच्या झुडपांचा होता.

डोळा सांगतो की झाडं मागे आहेत, कारण गवताने त्यांची बुडं झाकलेली. वेग सांगतो की ती पुढे आहेत. दिवसाचे सहा तास डोळ्यांना दोन खोट्यांमध्ये असं घुसळलं तर पोटाने काय करावं?

ती कागद घेऊन प्रोग्रामरकडे गेली. त्याच्या कीबोर्डच्या फटींत चिवड्याचे कण साचले होते आणि कपाच्या तळाशी बुरशीची साय धरली होती.

"झाडांचा वेग बघ."

"सहा दशांश आहे."

"तू काय लिहिलंयस ते सांगू नकोस. झाडांना काय मिळतंय ते बघ."

त्याने वैतागून बघितलं आणि मग वैताग उतरला. तीन आठवड्यांपूर्वी चित्रकार बाईंनी डोंगर आणि टेकड्यांच्या मधे धुक्याचा एक नवा थर काढला होता. प्रोग्रामरने तो चित्रांच्या यादीत मधे घातला. वेगांची यादी वेगळी होती, तिथे धुक्याचा आकडा घालायचा राहिला. मग सगळं एकेक घर सरकलं. धुक्याने टेकड्यांचा वेग घेतला, टेकड्यांनी झाडांचा, झाडांनी झुडपांचा. झुडपांना उरलं काहीच नाही, म्हणून ती मुकाट जमिनीच्या वेगाने चालू लागली.

"एक आकडा राहिला," तो म्हणाला. "पण मालकाला तर आवडलं होतं. जंगलाला काय जोर आलाय म्हणाला."

"तुला दिसलं नाही?"

प्रोग्रामरने मान खाजवली. "मी दहा सेकंदांच्या वर बघतच नव्हतो. बघवायचं नाही. गरगरायचं."

माशीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तुला गरगरायचं?"

"थोडंसं. मला वाटलं झोप होत नाहीये. आणि मग तुझं ते... म्हणजे तुझं कारण वेगळं होतं ना."

मागे चित्रकार बाई येऊन उभ्या होत्या. त्या कशाला मागे राहतायत. "मलाही उमळून यायचं गं," त्या म्हणाल्या. "धुकं नीट बसलंय का बघायला जंगल लावलं की डोकं जड. मी दोन दिवस गोळी घेतली. म्हटलं, वय झालं."

मालकही आतून आला, गोळा झालेली माणसं बघून. त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "तरीच. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मी तर पाच मिनिटांत बंद करायचो."

म्हणजे एकूण एक. तीन आठवडे या खोलीत प्रत्येकाला ढवळत होतं आणि प्रत्येकाने ते गिळून टाकलं होतं, कारण मालकाला जोर आवडला होता. ओकली ती फक्त माशी, कारण इतरांसारखं तिला बघणं बंद करता येत नव्हतं. आणि ती ओकल्याबरोबर यांना कारण मिळालं. तिचं पोट सगळ्यांच्या सोयीचं ठरलं. तिला त्या तिघांची अशी किळस आली की बेसिनच्या जाळीतली चहापत्ती त्यापुढे स्वच्छ वाटावी. अभिनंदन म्हणणारं ते तोंड, ती हसरी, हळू आवाजातली चौकशी, तो वा-वा.

"तुम्हाला स्वतःला उमळत होतं," ती बाईंना म्हणाली, "तरी तुम्ही माझ्या सासूबाईंना जाऊन सांगितलंत?"

"अगं, चांगल्या मनानेच सांगितलं. आणि तुझं खरंही असेल की. दोन्ही असू शकतं."

हे वाक्य बाईंनी सहज टाकलं आणि माशीने ते झेललं. दोन्ही असू शकतं. तिला स्वतःचीही किळस आली, की अशा बाईच्या तोंडचं वाक्य आपण असं अधाशासारखं धरून ठेवतो.

प्रोग्रामरने वेगांच्या यादीत धुक्यासाठी दोन दशांश घातले. कामाला अर्धं मिनिट लागलं. नवी आवृत्ती बनायला वीस मिनिटं. मग त्याने तिच्याकडे मान वळवली. "बघतेस? तू हो म्हटल्याशिवाय तक्रार बंद करता येणार नाही."

नियम तोच होता. ज्याने बिघाड नोंदवला त्यानेच तो गेल्याची खात्री करायची. इथे बिघाड होता मळमळ.

ती जंगल लावून बसली. आधी वाकडं झाड मोजलं. पावणेसातला जरासं कमी. डोंगर रेंगाळत होते, टेकड्या सावकाश, झाडं जमिनीच्या मागे राहून जात होती आणि समोरची झुडपं पुन्हा सपासप पळत होती. चित्र आता खोल आणि देखणं झालं होतं. तिने हात न काढता एक तास खेळ चालू ठेवला. मग दुसरा. मधे तिने मुद्दाम डबा उघडून नाकाशी धरला. मायक्रोवेव्हचं दार उघडून आतला वास घेतला. बेसिनवर वाकून ते तेलकट पाणी बघितलं. परत येऊन बसली आणि पोटाकडे लक्ष लावून वाट बघत राहिली. तिच्या पाठीमागे तिघंही काहीतरी काम करण्याचं नाटक करत होते.

पाच वाजता पोटात काहीतरी हललं. ती ताठ झाली. पुन्हा हललं, तेव्हा कळलं, भूक होती. तीन आठवड्यांत लागली नव्हती अशी कडकडून, निरोगी भूक. तिला त्या भुकेची किळस आली.

तिने तक्रार उघडली. वेगाचा आकडा बरोबर, झाडाचा वेळ बरोबर, असं लिहिलं. खाली शेवटची ओळ रिकामी होती. मागून चित्रकार बाईंनी विचारलं, "काय गं, काही वाटतंय का?"

"नाही," माशी म्हणाली आणि तेच लिहिलं. "तीन तास खेळले. काहीही वाटत नाही."